खुर्ची कुरकुरली त्या जागी

"रेकॉर्डिंगमध्ये मध्येच खुर्ची कुरकुरते, कुणी खोकतं, ओठांचा चट्‌ असा आवाज येतो. काढायला जावं तर बोलणंच बिघडतं. तुम्ही कसं करता?"

वेंगुर्ल्याच्या एका ओटीवरचं सांगतो. आजोबा जुने तांडेल, बसलेले वेताच्या खुर्चीत. 'वाऱ्यान शीड फाटला' म्हणताना पुढे झुकले आणि नेमक्या 'वा'वर खुर्ची कुरकुरली, जेमतेम पाव सेकंद. पुन्हा सांगा म्हटलं असतं तर त्यांनी दुसरंच वादळ सांगितलं असतं.

स्पेक्ट्रोग्राममध्ये वेळ आडवी, वारंवारता उभी आणि आवाजाचा जोर उजेडाने दिसतो. आजोबांचा 'आ' शिडीच्या पायऱ्यांसारखा दिसत होता, सुमारे 120 हर्ट्झच्या अंतराने एकेक आडवी रेघ. खुर्ची मात्र तिरकी, 900 वरून 1400 पर्यंत चढत गेलेली. हे दिसायला FFT size, म्हणजे चित्र काढताना एका वेळी आवाजाचा किती लांब तुकडा बघायचा तो आकडा, 4096 ठेवावा लागतो; 512 वर पायऱ्या एकमेकींत मिसळतात.

पहिल्यांदा मी घाई केली. 800 ते 1500 चा अख्खा चौकोन पुसला. कुरकुर गेली, पण आजोबा घागरीत तोंड घालून बोलल्यासारखे वाटायला लागले. कारण 'आ'चा 'आ'पणा बराचसा याच पट्ट्यात असतो.

मग मागे येऊन RX या आवाज साफ करायच्या सॉफ्टवेअरच्या Spectral Repair मध्ये फक्त ती तिरकी रेघ, पायरीएवढ्याच जाडीने, तीन तुकड्यांत निवडली. Replace नाही, Attenuate, म्हणजे तेवढाच आवाज दाबणं. Replace आजूबाजूचा आवाज आणून तिथे भरतो, आणि चालू स्वरात ते ठिगळ कळतं. रेघ जिथे पायरीला छेदते तिथे हात लावला नाही. तिथला उरलेला आवाज आजोबांच्याच आवाजाखाली झाकला जातो.

खात्री कशी करायची? मूळ ट्रॅकची प्रत Invert करून, म्हणजे तिची लहर उलटी करून, साफ केलेल्याबरोबर काडीचाही फरक न पडता जुळवून वाजवायची. दोन्हींत सारखं असलेलं एकमेकांना खोडतं, ऐकू येतं ते फक्त काढलेलं. चौकोनाच्या वेळी तिथे स्वच्छ 'वा' ऐकू आला होता. दुसऱ्या वेळी नुसती कुरकुर.

ओठांच्या आवाजाचं उलट. ती बारीक उभी रेघ असते, म्हणून तिथे 512 बरा. 'प', 'ट' यांची सुरुवातही तशीच दिसते, पण त्यांना लगेच स्वर चिकटलेला असतो. ओठांच्या आवाजानंतर थोडी मोकळी जागा राहते. ती रेघ पुसून तिथे शांतता ठेवू नका, समुद्राची गाज एकदम तुटते. शेजारचीच गाज भरा. आणि हळहळीचा 'च्च्' सांभाळा! मी तो एकदा ओठांचा आवाज समजून काढला, तर आजोबांची लेक म्हणाली, "बाबांचो च्च् खंय गेलो?"

खोकला दोन शब्दांच्या मध्ये असेल तर सहज निघतो. शब्दावरच आला तर तो खालपासून वरपर्यंत सगळा पट्टा भरतो, पायऱ्याच दिसत नाहीत. त्याच रेकॉर्डिंगमध्ये होडीच्या नावावर आजोबांना खोकला आला. तो मी तसाच ठेवलाय.