तुम्ही विचारलंत म्हणून : ८०२ रुपये

“भाऊ, हप्ता ७,१९८ रुपयांचा अन् तुम्ही बँकेले आठ हजार काहून देता? बँक का सोयरी लागते तुमची?”

सोयरी नाही लागत. उलट तिला मिळणारं व्याज तोडायला देतो. पण पानटपरीवर उभ्या-उभ्या हे सांगायला गेलं की दुसऱ्या आकड्याला समोरचा खर्रा मळायला लागतो. म्हणून एकदाच लिहितो.

घराचं कर्ज आठ लाख, दर ९ टक्के, मुदत २० वर्षं. पहिल्या महिन्याचं व्याज बरोबर ६,००० रुपये. म्हणजे ७,१९८ मधले मुद्दलात गेले फक्त १,१९८. आता आठ हजार भरा. व्याज तेच ६,०००, मुद्दलात २,००० जातात. हप्ता वाढला आठशेने, पण मुद्दल फिटायचा वेग जवळजवळ पावणेदोनपट झाला. पुढच्या महिन्याचं व्याज त्या कमी झालेल्या मुद्दलावर लागतं, आणि हे दर महिन्याला साचत जातं. दर ९ टक्केच राहिला असं धरलं तर २४० ऐवजी १८६ हप्त्यांत कर्ज संपतं. साडेचार वर्षं आधी. व्याज सव्वानऊ लाखांच्या वर जाणार होतं, ते सुमारे ६ लाख ८४ हजारांवर येतं. दर वरखाली झाला की हा आकडाही हलतो. बदलत्या दराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून आधी फेडण्याचा दंड बँकांना घेता येत नाही, त्यामुळे ती भीती नव्हती.

(पीककर्जाला हे लावू नका. तीन लाखांपर्यंतचं वेळेत फेडलं की व्याज सवलतीत शून्यावर येतं. तिथे जास्तीचं भरून वाचणार काय?)

वर्षभराने घरकर्जाच्या खात्याचा उतारा काढला. बाकी ७ लाख ७५ हजारांच्या आसपास दिसायला हवी होती, दिसली ७ लाख ८५ हजार. जास्तीचे पैसे ‘आगाऊ हप्ता’ म्हणून पडून होते, मुद्दलाला लागलेच नव्हते. अर्ज दिला : जास्तीची रक्कम मुद्दलात घ्या, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. ही तिन्ही वाक्यं लागतात. नाहीतर मुदत तशीच राहून हप्ताच कमी करून मिळतो. चूक बँकेची, पण वर्षभर उतारा न बघणारा मीच.

आता तो तिसऱ्या वर्षीचा जून. तुम्ही जे विचारत नाही, पण मागे बोलता, ते हेच.

मृगात पाऊस आला, पाच एकरांत सोयाबीन पेरलं. मग उघाड पडली. तास धड दिसेना. माती उकरून बघितली तर दाणा फुगून सडलेला. पीककर्ज पहिल्या पेरणीतच संपलं होतं. मोटर भरायचं माझं दुकान पावसाळ्यात बंदच असल्यासारखं. दुबार पेरणीला पंचवीस हजार पाहिजे होते. आणि तोवर बँकेत मी बरोबर तेवढेच, ३२ हप्त्यांत पंचवीस हजारांवर, जास्तीचे भरून बसलो होतो. ते परत मागितले. साहेब म्हणाले, “मुद्दलात गेलं ते गेलं.”

मग गावातल्या एकाकडे गेलो, महिन्याला शेकडा तीन रुपयांनी. त्याने पैसे मोजले, पुन्हा मोजले, आणि म्हणाला, “भाऊ, तुम्ही तं कर्ज लवकर फेडून रायले होते ना?” ओसरीवर चार माणसं होती. मी हसलो. घरी येईपर्यंत हसत होतो बहुतेक.

पाच महिन्यांचे ३,७५० व्याज दिलं. बँकेत तेच पंचवीस हजार तेवढ्या काळात जेमतेम साडेनऊशे वाचवत होते. पहिल्या वर्षी वहीत ‘साडेचार वर्षं’ला दोनदा अधोरेखित करणाऱ्या मला विचारावंसं वाटतं, पाऊस कोणत्या रकान्यात मांडला होता बावा? तो म्हणतो, दरवर्षी थोडीच दुबार पेरणी असते. तेही खोटं नाही.

आता जून ते ऑक्टोबर नुसते ७,१९८ भरतो. नोव्हेंबर ते मे ८,५००. वर्षाचे जास्तीचे ९,११४ होतात, आधी ९,६२४ व्हायचे. शिवाय एका पेरणीचे पैसे बचत खात्यात, त्यांना हात नाही. हिचं म्हणणं, ते पैसे आधी बाजूला ठेवून मग बँकेला दिले असते तर ओसरीवर जावंच लागलं नसतं. मी म्हणतो, बचत खात्यात ठेवले असते तर पेरणीपर्यंत राहिलेच नसते, तुझ्याच माहेरच्या लग्नात गेले असते. ती ३,७५० चं पान उघडून समोर ठेवते. मी उतारा ठेवतो. जेवणं थंड होतात.