सोडल्यावर खोकला वाढला, कारण

"सिगारेट-तंबाखू सोडल्यावर तुमचा खोकला उलट वाढला, तोंडही आलं. मग सोडून मिळवलंत काय?"

सातपूरच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत हे इतक्या वेळा विचारलं गेलंय, आणि दर वेळी भोंगा झाल्यामुळे माझं उत्तर अर्धवट राहिलंय. म्हणून आता सविस्तर लिहितो.

हो, खोकला वाढला. पहिल्या आठवड्यात घसा नुसता खवखवत होता. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सकाळी तोंड धुताना करडा, मधूनच काळपट ठिपके असलेला कफ पडायला लागला. श्वासनळीच्या आतून बारीक केसांसारखं अस्तर असतं, ते कफ वर ढकलत राहतं. धुरामुळे ते सुस्तावतं आणि कफ खालीच साचतो. धूर थांबला की ते पुन्हा हलू लागतं आणि साचलेलं वर येतं. शिवाय धुरामुळे खोकल्याची उबळही दबलेली असते. म्हणजे "सकाळची एक ओढली की घसा मोकळा होतो" असं मी म्हणायचो ते अगदीच खोटं नव्हतं. उबळ थांबायची, पण कफ आतच राहायचा. तेव्हा मला फक्त थांबलेली उबळ कळत होती. हा खोकला काही आठवडे टिकतो, काहींना काही महिने. माझा तिसऱ्या महिन्यात उतरला.

तोंड आलं तेही खरं. सोडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत अनेकांना असे बारीक, झोंबणारे फोड येतात आणि साधारण दोन आठवड्यांत भरतात. माझेही भरले. पण तुम्ही सगळे याच फोडांबद्दल विचारता. मला घाबरवलं ते न दुखणाऱ्या डागाने.

खालच्या ओठाच्या आत, बार धरायचो त्या खोबणीत, कातडी पांढरट आणि सुरकुतलेली झाली होती. तशीच एक पट्टी डाव्या गालाच्या आतही होती. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटिन लवकर सुटतं आणि तोच चुना तिथली नाजूक त्वचा भाजतो. दातांच्या डॉक्टरांनी ओठ ताणून डाग गॉजने पुसून पाहिला. तो पुसला गेला नाही. मग बोटाने दाबून कुठे टणक लागतंय का ते चाचपलं, फोटो काढला आणि म्हणाले, "तंबाखूला हात न लावता दोन आठवड्यांनी या. राहिला तर तुकडा काढू." ते दोन आठवडे मी रोज रात्री मोबाईलचा टॉर्च लावून आरशात बघायचो. बायको म्हणायची, "अहो, बघून बघून तो जाणार आहे का?" मला बघितल्याशिवाय झोपच लागायची नाही. ओठातला डाग फिका होत होता, गालातली पट्टी होती तशीच होती.

दुसऱ्या खेपेला ओठ जवळजवळ स्वच्छ निघाला. नुसत्या घर्षणाचा आणि चुन्याचा डाग असेल तर तो असाच काही आठवड्यांत जातो. गालाचा गेला नाही, म्हणून तिथला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. भूल दिल्यामुळे दुखलं नाही. रिपोर्टची वाट बघणं मात्र फार कठीण गेलं. त्यात कर्करोगाकडे झुकणारे बदल नव्हते. तरीही डॉक्टरांनी "निश्चिंत राहा" म्हटलं नाही, दर काही महिन्यांनी दाखवायला सांगितलं.

त्याच दिवशी त्यांनी मला तोंडात तीन बोटं उभी घालायला सांगितली. ती नीट मावली नाहीत. गाल आतून कडक झाला होता, आणि त्याचं कारण तंबाखूपेक्षा सुपारी, मावा खाणं हे होतं. हा कडकपणा सोडल्यावर आपोआप मागे फिरत नाही. सुपारी बंद केली तर तो वाढायचा थांबू शकतो, आणि व्यायामाने तोंड थोडंफार उघडतं. मिसळीची तर्री अजूनही मला झोंबते, पूर्वी झोंबत नव्हती. सोडल्याने सगळं भरून येतं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण सोडल्यामुळे रोग बाहेर आला, हेही मला मान्य नाही. तो डाग बार चालू असतानाही तिथेच होता. रोज त्यावर तंबाखू दाबून बसवत होतो तोपर्यंत कुठला जाणार आणि कुठला राहणार, हे डॉक्टरांनाही ठरवता आलं नसतं. दोन आठवडे जागा मोकळी राहिली म्हणून फरक दिसला.

तुमच्यापैकी दोघांनी मला ओठ उलटून दाखवलाय. सोडून दोन-तीन आठवडे झाल्यावरही पांढरा किंवा लाल डाग तसाच असेल, फोड भरत नसेल, आवाज तीन आठवडे बसलेला असेल, गिळताना अडकत असेल, मानेत गाठ लागत असेल किंवा कफात रक्त दिसलं, तर "सोडल्याचा त्रास आहे" म्हणून थांबू नका, दाखवा. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक मोफत आहे. माझी पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे, ज्याला यायचं असेल त्याने सोबत यावं.