तिसरी वाटी

"काकू, मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला की ताटलीतलं पाणी वर चढतं, तो सगळ्यात भारी प्रयोग होता. मुलं घरी येऊन तोच सांगायची. का काढून टाकलात?"

आजवर मी "लहान मुलं असतात, विस्तव नको" एवढं म्हणून वेळ मारून नेली आहे. ते खोटं नाही. रविवारी प्रयोग करून बघायला पाच ते तेरा वर्षांची अठरा मुलं पार्किंगमध्ये जमली की काडी पेटते तिथे मोठी पुढे होतात आणि लहान नुसती बघत राहतात. बाकीच्या टेबलांवर असं होत नाही. कणकेचा गोळा बुडतो आणि त्याच कणकेची वाटी तरंगते, हे पाच वर्षांचं पोर स्वतःच्या हातांनी करतं. वाटीला बाहेरून तेलाचा हात लावला नाही तर ती भिजून बसते, तेवढंच सांगावं लागतं. बटाट्याच्या टेबलावर अर्ध्या लिटर पाण्यात पाच-सहा मोठे चमचे मीठ विरघळवून बुडलेला बटाटा वर आणायचा असतो. तिथे छोटे ढवळतात आणि मोठे चमचे मोजतात.

पण खरं कारण विस्तव नाही. ते एका नऊ वर्षांच्या मुलीशी जोडलेलं आहे.

आमचा एक नियम होता. प्रत्येक टेबलावर दोन वाट्या, आणि करून बघण्याआधी प्रत्येकाने आपल्या अंदाजाच्या वाटीत राजम्याचा एक दाणा टाकायचा. मोठी मुलं उत्तर ओरडून टाकत आणि लहानांची तोंडं मिटत, म्हणून बोलायचं नाही, दाणा टाकायचा. मेणबत्तीच्या टेबलावर मात्र मी वाट्या ठेवत नव्हते. तिथे अंदाज कसला करायचा, असं मला वाटे. ताटलीत हळदीचं पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास. ज्योत विझते, पाणी चढतं आणि मी सांगते: ज्योतीने ऑक्सिजन वापरला, तो हवेत २१ टक्के असतो, त्याची जागा पाण्याने घेतली. मीही शाळेत हेच शिकले होते.

त्या रविवारी तेरा वर्षांचा एक मुलगा हेच घडाघडा सांगत होता आणि मी कौतुकाने मान डोलवत होते. ही मुलगी ताटलीला डोळे लावून उभी होती. म्हणाली, "काकू, पाणी विझल्यावर चढलं. जळत होती तेव्हा नाही चढलं."

मी म्हटलं, "तेव्हाच तर ऑक्सिजन संपला."

"मग जळताना थोडं थोडं चढायला हवं ना?"

मी "पुढच्या टेबलाकडे चला" म्हटलं. ती गेली नाही. मी पाठ वळवली तेवढ्यात तिने त्याच ताटलीत आणखी दोन मेणबत्त्या उभ्या केल्या, मोठ्या मुलाकडून पेटवून घेतल्या आणि तोच ग्लास तिन्हींवर घातला. पाणी आधीपेक्षा बरंच वर गेलं. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "ग्लास तोच आहे. मग ऑक्सिजन तिप्पट झाला का?"

काही पालक मुलांना न्यायला आले होते. मी तिच्यासमोरून काडेपेटी उचलली आणि म्हटलं, "न विचारता विस्तवाला हात लावायचा नाही. आणि प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा नाही." पहिलं वाक्य बरोबर होतं, म्हणून दुसरं त्याच्या आडून निघून गेलं. तो मोठा मुलगा हसला. ती कोपऱ्यातल्या बटाट्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

रात्री ओट्यावर मी तिचाच प्रयोग केला. एक मेणबत्ती, मग तीन. ग्लास खाली आणताना त्याच्या काठाखालून बुडबुडे बाहेर पडताना दिसले. इतकी वर्षं मी ते पाहिलेच नव्हते, कारण मी ज्योतीकडे बघत होते. तापलेली हवा फुगून बाहेर जात होती. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. मेणबत्त्या जास्त असल्या की हवा जास्त तापते, जास्त बाहेर जाते आणि पाणी जास्त चढतं. ऑक्सिजन वापरला जातो हे खरं, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ येते. वाफेचं पाणी होतं, पण कार्बन डायऑक्साइड बराचसा जागेवरच राहतो. शिवाय सगळा ऑक्सिजन संपत नाही. हवेत तो साधारण १६ टक्के उरलेला असतानाच मेणबत्ती विझते. म्हणजे ऑक्सिजनमुळे चढणारं पाणी फार थोडं. माझं २१ टक्क्यांचं गणित कुठेच बसत नव्हतं.

माझ्या बाजूने बोलायचं तर हा प्रयोग फार जुना आहे. बायझँटियमच्या फिलोने तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास लिहून ठेवला, आणि त्याचं कारण तेव्हापासून चुकत आलं आहे. पण चूक जुनी आहे म्हणून काडेपेटी हिसकावणं माफ होत नाही.

त्या टेबलावर आता मेणबत्ती नाही. काचेचा ग्लास हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याने भरून मिनिटभर ठेवायचा, पाणी ओतून टाकून लगेच कोकमाच्या पाण्याच्या ताटलीत पालथा घालायचा. काठाखाली दोन काड्या ठेवायच्या, म्हणजे पाण्याला आत यायला वाट राहते. मग ग्लासच्या बुडावर गार पाण्याचा फडका ठेवायचा. पाणी पेरभर चढतं. ताटलीत पाणी कमी असेल तर काठ उघडा पडतो, बाहेरची हवा बुडबुडत आत शिरते आणि चढलेलं पाणी खाली येतं. तसं दिसलं की पाणी वाढवायचं. उकळतं पाणी वापरायचं नाही, जाड काच तडकते. हे सात वर्षांचं मूल करतं, आणि काहीही न जळता पाणी चढतं.

तरी माझंच मला पटत नाही. मेणबत्ती ठेवून, एक आणि तीन अशा दोन्ही ताटल्या मांडून, तिचाच प्रश्न मुलांना विचारला असता तर? तो प्रयोग गरम ग्लासपेक्षा जास्त शिकवतो, हे मला कळतं. काही रविवारी काडेपेटी पिशवीत असते. अजून बाहेर काढलेली नाही.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर सांगितलं की मी चुकीचं सांगत होते आणि ही बरोबर होती. ती काही बोलली नाही. त्या दिवशी बटाट्याच्या टेबलावर तिने राजम्याचा दाणा कुठल्याच वाटीत टाकला नाही, मुठीत धरून उभी राहिली. आणखी दोन रविवार आली. मग त्यांनी घर बदललं.

तेव्हापासून प्रत्येक टेबलावर तिसरी वाटी असते. त्यात दाणा पडला की त्या मुलाला काहीतरी वेगळं वाटतंय, एवढंच समजायचं, आणि टेबल आवरण्याआधी त्याचं ऐकायचं. गेल्या खेपेला एकाने विचारलं, "पाणी हवा निवली म्हणून चढलं, की ग्लासातली वाफ निवली म्हणून?" ग्लास पुसून, कोरडा, गच्चीवर उन्हात तापवून बघितला. पाणी चढलं, पण कमी. या रविवारी तो ग्लास तसाच कोरडा घेऊन येणार आहे.