मूळ कुठलं, ते कागद कसा विचारतो

"सर, माणूस तोच, घर तेच. प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला म्हणून त्याचं मूळ थोडंच बदलतं?"

प्रगणकांच्या प्रशिक्षणाला जातो तिथे कुणी ना कुणी गुरुजी हे विचारतातच. मी संख्याशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली. तरी या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हटलं की मी आधी परदेशातली एक गोष्ट सांगतो, कारण तिथे हे सगळं आकड्यांत स्वच्छ दिसतं.

कॅनडाची जनगणना लोकांना त्यांच्या पूर्वजांचं वांशिक किंवा सांस्कृतिक मूळ विचारते. १९७१ साली त्या प्रश्नाचा रोख असा होता: या खंडावर आलात तेव्हा तुम्ही किंवा तुमचे बापाकडचे पूर्वज कोणत्या गटाचे होते? या एका वाक्याने किती दारं बंद केली बघा. आईकडचं माहेर गेलं. "खंडावर आलात तेव्हा" म्हटल्यावर "आम्ही इथलेच" हे उत्तर बसेना. पुढे १९८१ साली बापाकडची अट निघाली. १९८६ साली खंडावर येण्याची भाषाही गेली आणि लागू असतील तितकी मुळं लिहा असं सांगितलं गेलं. वडील स्कॉटिश आणि आई युक्रेनियन असलेल्या माणसाला त्यानंतर दोन्ही लिहिता यायला लागलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. १९९१ च्या फॉर्मवर खुणेसाठी चौकटी होत्या: फ्रेंच, इंग्लिश, जर्मन वगैरे. "कॅनेडियन" अशी चौकट नव्हती. ज्याला तसं म्हणायचं असेल त्याने रिकाम्या जागेत हाताने लिहायचं. तरी सुमारे ४ टक्के लोकांनी लिहिलं. उदाहरणं ठरवण्याचा तिथला नियम असा की मागच्या खेपेला जी उत्तरं जास्त आली ती पुढच्या फॉर्मवर आधी छापायची. त्यामुळे १९९६ साली चौकटी काढून चार रिकाम्या ओळी दिल्या, वर उदाहरणांची यादी छापली, आणि तीत पाचव्या जागी "कॅनेडियन" आलं. "कॅनेडियन" असं उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण ३१ टक्क्यांवर गेलं. आता ते सगळ्यात जास्त आलेलं उत्तर होतं, म्हणून २००१ साली यादीत पहिलं छापलं गेलं आणि प्रमाण ३९ टक्के झालं. पाच वर्षांत देशभर नवे पूर्वज जन्माला आले नव्हते.

यादीत नाव असलं की दोन गोष्टी होतात. एक तर माणसाला प्रश्नाचा अर्थ कळतो. "मूळ" म्हणजे यांना देश हवाय, भाषा हवीय की धर्म, हे तो यादीवरून ओळखतो. दुसरं, त्याला परवानगी मिळते. आठ पिढ्या क्यूबेकमध्ये राहिलेल्या फ्रेंच भाषिकाच्या मनात "आम्ही कनाद्यां" हे होतंच. तिथल्या जुन्या फ्रेंच वसाहतकऱ्यांचं ते स्वतःचं नाव. पण पूर्वी कागदावर ते उत्तर म्हणून छापलेलं नसे, म्हणून तो "फ्रेंच" लिहून मोकळा होई. इंग्रजी फॉर्मवरचा "कॅनेडियन" आणि फ्रेंच फॉर्मवरचा तोच शब्द वाचणाऱ्याला एकाच जागी नेत नाहीत, हेही यातून दिसतं.

मग २०२१ साली त्यांनी उदाहरणं छापायचीच बंद केली. त्याऐवजी पाचशेहून जास्त नावांच्या ऑनलाइन यादीची लिंक दिली. २०१६ मध्ये ३२ टक्के लोकांनी "कॅनेडियन" लिहिलं होतं, २०२१ मध्ये जेमतेम १६ टक्के. एक कोटी अकरा लाखांवरून सत्तावन्न लाखांवर.

मला यातली ज्यू लोकांची नोंद सगळ्यात बोलकी वाटते. २०११ मध्ये सुमारे ३ लाख १० हजार लोकांनी आपलं मूळ "ज्यू" सांगितलं. त्या फॉर्मच्या उदाहरणांत तो शब्द होता. २०१६ च्या यादीत इतर नावं वर सरकली आणि हा शब्द गळला. आकडा १ लाख ४४ हजारांवर आला. निम्म्याहून अधिक समाज पाच वर्षांत गायब होत नाही. तसं झालं असतं तर मृत्यू आणि स्थलांतराच्या नोंदींत दिसलं असतं. २०२१ मध्ये आकडा पुन्हा २ लाख ८२ हजारांच्या घरात आला. तपासणीचा रस्ता इथे धर्माच्या प्रश्नातून जातो. तिथे धर्म दर दहा वर्षांनी विचारतात आणि त्या प्रश्नात ज्यू धर्माचे लोक २०११ ला जवळपास ३ लाख ३० हजार आणि २०२१ ला ३ लाख ३५ हजार निघाले. माणसं होती तिथेच होती. २०१६ च्या यादीत बहुतेक नावं देशांची होती, त्यामुळे "इथे देश लिहायचा" असं समजून अनेकांनी पोलिश, रशियन असं लिहिलं असावं, असा माझा अंदाज आहे. एखादा आकडा अचानक खाली पडला तर मी पहिल्यांदा प्रश्नपत्रिका मागतो, आणि मग ज्याचं उत्तर या बदलाने हलत नाही असा शेजारचा प्रश्न शोधतो.

आता आपल्याकडचं. आपल्या जनगणनेत वांशिक मूळ विचारत नाहीत, पण घराघरांतून हीच गोष्ट घडते. विद्यार्थ्यांना घेऊन देगलूरकडे एका गावात गेलो होतो. पोरांनी विचारलं, "आजोबा, तुमचं मूळ कुठलं?" आजोबा म्हणाले, "इथलंच की. बापजाद्यापासून." दुसऱ्या दिवशी दुसरी टोळी त्याच घरी गेली. या पोरांच्या कागदावर प्रश्नाखाली "उदा. बोधन, निजामाबाद, नांदेड" असं होतं. आजोबांनी थोडं थांबून "आमचा आजा बोधनहून आला" असं सांगितलं. आतून सून म्हणाली, "घरात आजही तेलुगूच बोलतेत." दोन्ही उत्तरं खरी. पहिल्या दिवशी त्यांना गाव विचारलं असं वाटलं, दुसऱ्या दिवशी आजा आठवला.

कॅनडात माणूस कागद स्वतः वाचतो. आपल्याकडे गुरुजी वाचतात, आणि प्रश्न कळला नाही की गुरुजी म्हणतात, "म्हणजे बघा..." त्या "म्हणजे"च्या पुढे जो शब्द येतो तोच उदाहरण. तो प्रत्येक गुरुजींचा वेगळा, आणि कुठेच छापलेला नाही. याउलट काहीच उदाहरण नसलं, यादीच नसली, तर काय होतं तेही आपण पाहिलंय: २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत सुमारे ४६ लाख नावं गोळा झाली. १९३१ च्या जनगणनेत जातींची संख्या ४,१४७ होती. एकच नाव कुणी आडनावाने, कुणी पोटजातीने, कुणी वेगळ्या ऱ्हस्वदीर्घाने लिहिलेलं.

आपल्या मराठवाड्यात निजामकाळातल्या नोंदींवरून घराघरांत कागद शोधले जातात, "कुणबी" आहे का बघितलं जातं. तेव्हाही कुणीतरी कारकून उंबऱ्यावर बसून काहीतरी विचारत होता. त्याने नेमके कोणते शब्द वापरले, हे मला त्या नोंदीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

म्हणून गुरुजींना मी एकच करायला सांगतो. प्रश्न छापला असेल तसाच वाचा. समोरच्याने "म्हणजे काय?" विचारलं, तर तोच पुन्हा सावकाश वाचा. तरीही अडलं आणि तुम्हाला स्वतःचं उदाहरण द्यावंच लागलं, तर ते उदाहरण वहीत त्या घराच्या नोंदीशेजारी लिहून ठेवा.