ज्योत विझल्यावर पाणी चढतं

(एक माजी विद्यार्थिनी, दहावी 2022)

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या असं मंडळाचं पत्र आलं, तेव्हा मी शाळेविषयी लिहायला बसले होते. परिपाठ, पटांगणातली चिंच, नळाच्या टाकीजवळची भांडणं, सगळं काढून पाहिलं. पण दर चार ओळींनी विज्ञानाच्या बाई मध्ये येत होत्या. शेवटी बाकीचं खोडलं. चिंचेवर लिहिणारे पुष्कळ असतील. बाईंनी आपलं नाव छापायचं नाही असं मंडळाला बजावलंय म्हणे, म्हणून नुसतं 'बाई' लिहिते. आपल्या शाळेत ते पुरतं.

2021च्या सुरुवातीची गोष्ट. शाळा नुकतीच पुन्हा उघडली होती, एका बाकावर एकजण, तोंडाला मास्क. विज्ञान प्रदर्शन त्या वर्षी ऑनलाइन होतं. मांडणी नाही, तक्ते नाहीत. तीन मिनिटांचा व्हिडिओ करून पाठवायचा आणि त्यात कृती, निरीक्षण, निष्कर्ष स्वतःच्या आवाजात सांगायचे. आम्ही नववीतल्या तिघी होतो. आम्हाला ज्वालामुखी हवा होता, कारण तो व्हिडिओत छान दिसतो. बाई म्हणाल्या, "तुम्ही मेणबत्तीचा करा." बशीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास, आणि पाणी वर चढतं तो! आमची तोंडं उतरली. तो तर पाचवीतली पोरंही करतात. बाई म्हणाल्या, "करतात सगळे. आणि सगळे एकच निष्कर्ष सांगतात. तो खरा आहे का, ते तुम्ही बघा."

तो निष्कर्ष वाचकांनाही पाठ असेल: मेणबत्तीने ऑक्सिजन संपवला, हवेचा पाचवा भाग गेला, म्हणून त्या जागी पाणी आलं.

आम्ही कॉफीची मोठी काचेची बरणी घेतली. तिच्यावर उभी कागदी पट्टी चिकटवून सेंटिमीटरच्या खुणा केल्या. बरणीची आतली उंची पंधरा सेंटिमीटर. पसरट ताटात मेणाच्याच थेंबावर मेणबत्ती बसवली, बोटभर पाणी ओतलं, त्यात निळी शाई टाकली. बरणीच्या काठाखाली ठेवायला तीन नाणी घेतली. नाणी विसरली तर काठ ताटाला घट्ट बसतो आणि पाण्याला आत शिरायला वाट राहत नाही.

कृती सांगणारी मी. मोबाइल आमच्यातल्या एकीच्या वडिलांचा, वह्यांच्या थप्पीवर आडवा धरलेला आणि रबरबँडने डब्याला बांधलेला. मागे पांढरा पुठ्ठा, उजेड डावीकडच्या खिडकीतून. पंखा बंद, कारण ज्योत हलते आणि आवाजात घरघर येते. ज्योत पेटली की मोबाइल आपोआप बाकीचं सगळं काळं करतो आणि निळं पाणी दिसेनासं होतं. मग पाण्यावर बोट दाबून धरायचं, म्हणजे उजेड तिथल्या हिशोबाने पक्का होतो. हे बाईंना कुठून ठाऊक होतं देव जाणे. त्यांच्या स्वतःच्या हातातला फोन अजून बटणांचा होता!

बाईंच्या अटी दोन. पहिली, काडी ओढल्यापासून पाणी स्थिर होईपर्यंत व्हिडिओ कुठेही कापायचा नाही आणि भिंतीवरचं घड्याळ काढून ताटाच्या शेजारी ठेवायचं. दुसरी अट जास्त जाचक होती. निरीक्षण सांगताना 'ऑक्सिजन' हा शब्द तोंडातून निघता कामा नये. "ऑक्सिजन तुला दिसला का गं? नाही ना? मग दिसलं ते सांग." तोपर्यंत आमच्या प्रयोगवहीत निरीक्षण आणि निष्कर्ष ही एकाच वाक्याची दोन रूपं असायची. एक लिहून झालं की शेवटी 'म्हणून' लावून दुसरं.

आणि जे दिसलं ते खरोखर वेगळंच होतं. बरणी ठेवल्यावर काठाखालून दोन-चार बुडबुडे बाहेर निघाले. ज्योत बारीक होत गेली आणि साधारण अठराव्या सेकंदाला विझली. तोपर्यंत पाणी जवळजवळ होतं तिथेच होतं. ज्योत विझल्यावर मात्र ते सरसर चढलं आणि दोन सेंटिमीटरच्या जरा वर जाऊन थांबलं. बरणीच्या आतल्या बाजूला वाफेचं धुकं धरलं होतं. ऑक्सिजन खर्च होतो तो ज्योत असताना. त्याचीच जागा पाणी घेत असतं, तर ज्योतीबरोबरच हळूहळू चढायला हवं होतं. घड्याळ चौकटीत का हवं आणि व्हिडिओ का कापायचा नाही, ते तेव्हा कळलं. एरवी प्रत्येकजण नेमकं तेवढंच कापतो. बरणी ठेवली, कट, पाणी चढलेलं.

मग त्याच बरणीत एकाऐवजी तीन मेणबत्त्या. त्या लवकर विझल्या आणि पाणी साडेचार सेंटिमीटरपर्यंत गेलं. बरणी तीच, म्हणजे आतली हवा तेवढीच. ऑक्सिजन हवेत सुमारे 21 टक्के असतो. पंधरा सेंटिमीटरच्या बरणीत त्याचा वाटा तीन सेंटिमीटरच्या थोडा वर. पाणी त्याच्याही पुढे गेलेलं! शेवटी बाईंनी मेणबत्तीच काढायला लावली. बरणी सोसेल इतक्या गरम पाण्याने विसळली, रिकामी केली आणि लगेच त्याच ताटात उपडी ठेवली. ज्योत नाही, धूर नाही, तरी बरणी निवत गेली तसं पाणी चढलं.

त्यानंतरची एक बारीकशी गोष्ट मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त आठवते. निरीक्षणाचा भाग चित्रित करताना मी सवयीने मध्ये मध्ये बोलत होते, "आता पाहा, आता पाणी वर येत आहे." बाई कॅमेऱ्यामागून ओठांवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. ज्योत विझायच्या आधीपासून पाणी स्थिरावेपर्यंत आमच्या व्हिडिओत कुणीच बोलत नाही. घड्याळाची टिकटिक येते आणि मागून मामांनी बादली ओढल्याचा आवाज. चित्रीकरण करणारी म्हणाली, "बाई, रिकामं वाटतंय, म्युझिक टाकू का?" बाई म्हणाल्या, "बघणाऱ्याला बघू दे की. तू का त्याच्या कानाशी बसतेस?" मग पाणी थांबल्यावर मी कागदावरचं वाचलं: "ज्योत असताना काठाखालून बुडबुडे बाहेर गेले. ज्योत विझेपर्यंत पाण्याची पातळी फारशी बदलली नाही. ज्योत विझल्यानंतर पातळी वाढली."

निष्कर्षही बाईंनी आमच्याकडूनच काढून घेतला. ज्योतीमुळे बरणीतली हवा तापली, पसरली आणि काही हवा बाहेर गेली. ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवली, आतला दाब कमी झाला, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकललं. शेवटचं वाक्य त्यांनी हट्टाने घालायला लावलं: "या प्रयोगावरून हवेत ऑक्सिजन किती आहे हे सांगता येत नाही."

ते वाक्यच आम्हाला नडलं. व्हिडिओ पाठवला (व्हॉट्सअ‍ॅपवर साधा टाकला तर बारीक होऊन कागदी पट्टीवरचे आकडे पुसट होतात, म्हणून डॉक्युमेंट करून) आणि पंधरवड्याने शेरा आला: "निष्कर्ष अपूर्ण. ऑक्सिजनचे प्रमाण नमूद नाही." नंबर लागला नाही. मी घरी जाऊन रडले. बाई दुसऱ्या दिवशी हसत वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "प्रमाण पाहिजे ना त्यांना? काढू या."

चुंबकाच्या प्रयोगासाठी कपाटात लोहकिसाची बाटली असायची, आठवत असेल. बाईंनी परीक्षानळी आतून ओली केली, लोहकीस भुरभुरून काचेला चिकटवला आणि नळी पाण्यात उपडी उभी केली. शेजारी दुसरी नळी, तशीच ओली पण बिनलोखंडाची. आमच्यातल्या एकीने उत्साहाने घरून भांड्यांची तारेची घासणी आणून तिसऱ्या नळीत कोंबली. तिला काहीच झालं नाही, कारण ती घासणी स्टेनलेस स्टीलची, गंजत नाही. लोहकीस मात्र तांबूस होत गेला. रोज परिपाठानंतर, ठरल्या वेळी, आम्ही पातळी मोजायचो. दुपारी मोजली तर हवा तापलेली असते आणि आकडा फसवतो. तिसऱ्या दिवशी पाणी थांबलं. पंधरा सेंटिमीटरच्या नळीत तीनच्या जरासं वर. रिकाम्या नळीत पाणी जागचं हललं नव्हतं. हा प्रयोग कुठल्याच स्पर्धेला गेला नाही. त्याचाही व्हिडिओ केला, रोज एक फोटो जोडून, आणि तो फक्त आमच्या वर्गाने पाहिला.

आता मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. करते आहे. गेल्या वर्षी प्रात्यक्षिकात पहिली आले, हे सांगायचा मोह आवरत नाही. मेणबत्तीचा हिशोब मी तिथे कागदावर पुरा केला. मेण म्हणजे C25H52 सारखी संयुगं धरली, तर

C25H52 + 38 O2 → 25 CO2 + 26 H2O

म्हणजे ऑक्सिजनचे 38 भाग गेले की कार्बन डायऑक्साइडचे 25 भाग परत येतात, आणि वाफ निवून काचेवर धुकं होते. शिवाय मेणबत्ती सगळा ऑक्सिजन वापरतच नाही. हवेत तो सुमारे 16 टक्के उरला की ती विझते. खर्च फक्त पाचएक टक्के, त्यातलं दोन तृतीयांश आकारमान परत आलेलं. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, पण तेवढ्या सेकंदांत फारसा नाही. आमच्या बरणीत ऑक्सिजनच्या नावावर येतं ते जेमतेम अडीच मिलिमीटर पाणी. बाकीचं सगळं निवलेल्या हवेचं. बाईंनी हे समीकरण आम्हाला दिलं नव्हतं. नववीत त्याची गरजही पडली नाही.

परवा शाळेत आले होते. नवी प्रयोगशाळा देखणी आहे, भिंतीवर मोठा पडदा आहे. मुलांनी यंदाचे व्हिडिओ दाखवले. सुरुवातीला फिरणारी अक्षरं, मागे सतत संगीत, आणि पाणी चढायच्या क्षणाला बरोबर कट. मेणबत्तीचाही एक होता. त्यात ऑक्सिजन पाचवा भाग निघाला होता. बाई निवृत्त झाल्या, आता असंच चालायचं, असं मनात आलं ते कुणाला आवडो न आवडो, लिहून टाकते.

तर मंडळाला एक विनंती. सोहळ्याच्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत एक टेबल मला द्यावं. मेणबत्तीचा प्रयोग सर्वांसमोर करीन, ज्यांना मोबाइलवर घ्यायचा त्यांनी घ्यावा, फक्त न कापता. लोहकिसाची नळी मात्र तीन दिवस आधी लावावी लागेल, तेव्हा प्रयोगशाळेची किल्ली मामांकडे सांगून ठेवावी. बरणी मी आणते. कपाटातला लोहकीस गंजलेला असेल तर तो चालणार नाही, नवा मागवावा.