आमची वाटचाल : शिवणीच्या भोकांनी शिकवलेला धंदा

२००९ साली मी आणि माझ्या धाकट्या भावाने जुन्या चामडी बॅगांच्या दुरुस्तीचं काम सुरू केलं. त्याचा हात शिवणीवर बसलेला होता, मला कड्याकुलपांचं वेड. पहिली दोन वर्षं तेच ते काम येत राहिलं : तुटलेली मूठ, उसवलेली कड, अडकलेलं कुलूप. वस्तू किती जुनी आहे हे कुणी विचारत नव्हतं, आणि आम्हीही बघत नव्हतो.

तिसऱ्या वर्षी एक तपकिरी सूटकेस आली. झाकणाची एक बाजू उसवली होती. भावाने जाड चामड्याच्या मशीनवर नवा दोरा घालून ती सरळ रेषेत शिवली. इतकी देखणी शिवण आम्ही तोवर केली नव्हती. आठ महिन्यांनी ते गृहस्थ परत आले. झाकणाची पट्टी अख्खी सुटून हातात आली होती, टपालाचं तिकीट फाडावं तशी, भोकांच्या रेषेत. ते एवढंच म्हणाले, "शिवण शाबूत आहे हो, चामडंच गेलं."

चूक आमचीच होती. जुन्या भोकांच्या मधोमध मशीनच्या सुईने नवी भोकं पाडली होती. एक इंच लांबीत आधीच नऊ-दहा भोकं होती, त्यात आणखी आठ पडली. दोन भोकांमधलं चामडं इतकं अरुंद झालं की झाकण उघडण्याचा ताणही त्याला सोसला नाही. शिवाय मूळ कारागिराच्या टाक्यांची खूण आम्ही कायमची पुसून टाकली होती. त्या दिवशी मशीनवर कापड टाकलं आणि खोगिरं शिवण्यात आयुष्य गेलेल्या एका निवृत्त कारागिरांकडे गेलो. आम्ही त्यांना काका म्हणत असू. सहा महिने त्यांनी भावाला एकही टाका घालू दिला नाही. भंगारातल्या जुन्या पट्ट्या द्यायचे आणि म्हणायचे, "आधी उसवायला शिक."

उसवताना कळलं ते असं. हाताच्या खऱ्या शिवणीत एकच दोरा आणि दोन सुया असतात. दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर जातात. त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे जागेवर राहतात. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे चामड्याच्या पोटात एकमेकांत अडकतात, तिथे एक टाका झिजला की पुढचे ओघाने सुटू लागतात. आरीचं भोक पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचं आणि तिरकं असतं, म्हणून हाताचे टाकेही जरा तिरके, एकामागे एक झुकल्यासारखे दिसतात. एखाद्या झिजलेल्या टाक्यावर भिंग धरलं की भोकाचा हा आकार दिसतो.

पण काकांनी पहिल्याच आठवड्यात एक भ्रम काढून टाकला. हाताची शिवण म्हणजे वस्तू जुनी, असं नाही. चामडं शिवणारी यंत्रं १८५०च्या दशकापासून वापरात आहेत आणि हाताने शिवणारे आजही आहेत. शिवणीवरून दर्जा कळतो, वय क्वचितच. वय कळतं ते दोऱ्यावरून, धातूवरून आणि चामडं कमावण्याच्या पद्धतीवरून, तेही एका नियमाने : वस्तू तिच्या सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा जुनी असू शकत नाही. सगळी मेहनत 'मूळ' या एका शब्दावर असते. कोणता भाग पहिल्यापासूनचा आणि कोणता नंतर बसवलेला, हे आधी ठरवावं लागतं. म्हणजे दुरुस्ती वाचता आली नाही तर वयही वाचता येत नाही. आमच्या धंद्याला वळण लागलं ते इथे.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं, ते एका बॅगेवरून सांगतो. एका कुटुंबाने जाड चामड्याची सूटकेस आणली. पणजोबांची, १८९० सालची, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. आम्ही ती टेबलावर ठेवली आणि पहिला तासभर फक्त पाहिली.

नजर आधी कुलपांवर गेली. दोन्ही कुलपांची चकाकी निळसर पांढरी होती. जुन्या पितळी कुलपांवरचा निकेलचा मुलामा किंचित पिवळसर, उबदार दिसतो. ही निळसर झाक क्रोमच्या मुलाम्याची. तो व्यापारी वापरात आला १९२०च्या दशकाच्या मध्यावर. म्हणजे कुलपं मूळ असतील तर घरातली गोष्ट पस्तीसएक वर्षांनी चुकत होती. म्हणून कुलपांच्या कडेने दिवा आडवा धरला. पट्टीभोवती जरा मोठ्या, गोल कोपऱ्यांच्या पट्टीची फिकट छाया दिसली. झाडांच्या साली वगैरेंनी कमावलेलं चामडं उजेडाने आणि हाताळणीने गडद होत जातं. झाकलेला भाग फिकट राहतो. छायेच्या टोकांना मेणाने बुजवलेली दोन भोकंही सापडली. कुलपं बदललेली होती, त्यामुळे वय ठरवताना त्यांचा आधार घेता येत नव्हता.

मूठ उचलून पाहिली. तिची शिवण नीटस, टाके जुन्याच भोकांतून गेलेले. अंधारात अतिनील दिवा लावला तसा तो दोरा पांढराशुभ्र चमकला आणि बाकी सगळी शिवण मंद तपकिरी राहिली. दोरे आणि कापडं उजळ दिसावीत म्हणून घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाली. नुसत्या चमकेवर मात्र विसंबायचं नाही, कपडे धुण्याच्या साबणाचा अंशही चमकतो. म्हणून सुटं लोंबणारं टोक, जेमतेम दोन मिलिमीटर, चिमट्यात धरून ज्योतीला लावलं. ते वितळून त्याचा टणक मणी झाला. लिननचा दोरा कागदासारखा जळून राख होतो. दोरा कृत्रिम धाग्याचा होता, आणि असे दोरे आले ते नायलॉन बाजारात आल्यावर, म्हणजे १९३०च्या दशकाच्या अगदी शेवटी किंवा त्यानंतर. म्हणजे मूठ शिवणाऱ्या कारागिराने दोरा नवा वापरला, पण एकही नवं भोक पाडलं नाही. अशी दुरुस्ती आम्ही चांगली मानतो. ती वस्तूचं आयुष्य वाढवते आणि पुढच्या माणसाला मूळ टाके मोजता येतात.

उलटी गोष्ट खालच्या एका कोपऱ्यावर होती. तिथे ठिगळ होतं, रंग हुबेहूब. रंगावर जाऊ नका, कड बघा, असं काका सांगायचे. ठिगळाच्या कडेवरचा रंग जिथे झिजला होता तिथे आत निळसर राखाडी थर दिसला. साली-पानांनी कमावलेलं चामडं आरपार तपकिरी असतं. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं पोटात असं राखाडी राहतं. क्रोम कमावणीची पेटंटं १८८४ आणि १८९३ची, म्हणून ठिगळावरून तारीख काही कळली नाही. पण ठिगळ परकं आहे हे कळलं. ते मूळ चामड्यापेक्षा मऊ आणि जास्त ताणलं जाणारं होतं, आणि ते बसवताना मशीनने नव्या भोकांची रांग पाडली होती. त्या रांगेलगत चिरा पडायला लागल्या होत्या. चिरेवर बोट फिरवलं तर विटकरी भुकटी लागली. कोळसा आणि गॅस जळून हवेत गेलेला गंधकाचा धूर वर्षानुवर्षं अशा चामड्यात मुरतो, आत आम्ल तयार होतं आणि तंतू कुजून त्यांची भुकटी होते. अशा चामड्यात टाका धरत नाही. तेल चोळून ते परत जिवंतही होत नाही, फक्त काळं पडतं.

तारीख शेवटी मिळाली ती मुठीच्या कडीवर. धूळ मऊ ब्रशने झटकली तेव्हा पितळेवर 'आरडी' ही इंग्रजी अक्षरं, म्हणजे 'रजिस्टर्ड'चं लघुरूप, आणि पुढे ३५५ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक दिसला. ब्रिटनमध्ये नक्षी आणि आकारांची ही नोंदणी १८८४ साली १ या क्रमांकापासून सुरू झाली, आणि १९०० सालचे क्रमांक ३५१२०२पासून लागले. म्हणजे हा आकार १९०० साली नोंदला गेला. कडी मूळची आहे का, हेही तपासलं. तिच्या पायाखाली चामडं खोल दबलेलं होतं, खळगा कडीच्याच आकाराचा होता आणि दुसरं भोक नव्हतं. कडी मूळची.

तेव्हा बॅग १८९०ची नाही, १९०० किंवा त्यानंतरची. नोंदणीनंतर तो आकार बरीच वर्षं बनत राहतो, म्हणून वरची मर्यादा आम्ही सैल ठेवली आणि अहवालात 'विसाव्या शतकाची पहिली दोन दशकं' असं लिहिलं. घरच्यांचा चेहरा पडला. ते साहजिकच होतं. त्यांना जुनी पितळी कुलपं शोधून बसवून हवी होती. आम्ही नको म्हटलं. दुसरी कुलपं बसवायची तर आणखी भोकं पडणार, आणि जुन्या कुलपाची ती छाया, जी आज खरं बोलते आहे, ती झाकली जाणार. कोपऱ्याचं ठिगळही काढलं नाही, कारण काढताना खालची भुकटी झालेली कड त्याच्याबरोबर आली असती. आतून पातळ कापडाचा आधार दिला, तोही पुढे काढता येईल असा, आणि ठिगळ व आधार दोन्हींची नोंद अहवालात केली.

खोगिरांकडे आम्ही वळलो ते २०१५ साली, काकांची हत्यारं आमच्याकडे आल्यावर. तिथे हा सगळा हिशेब बराचसा उलटा होतो. बॅगेची मूळ मूठ असेल तर आम्हाला आनंद होतो. खोगिराला ऐंशी वर्षांपूर्वीचे मूळ तंगपट्टे असतील तर काळजी वाटते, कारण घोडेस्वाराचा जीव त्या पट्ट्यांवर असतो. कुणी नीट शिवून नवे पट्टे घातले असतील तर त्याने खोगीर सांभाळलं असं आम्ही समजतो. खालच्या गाद्यांमधली लोकर बदलणंही तसंच. आपल्या बोलण्यात खोगीरभरती म्हणजे फालतू भर, पण खोगिरात ती भरतीच घोड्याची पाठ वाचवते. दबून गोळे झालेली लोकर काढून ताजी भरली असेल तर ती वस्तूच्या बाजूने धरावी.

मूळ असायला हवा तो आतला सांगाडा, आणि तो दिसत नाही. आम्ही खोगिराचा पुढचा उंचवटा दोन मांड्यांत धरतो आणि मागची कड दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढतो. जुना लाकडी, ताठ सांगाडा जवळजवळ हलत नाही. बसण्याच्या जागेवर चामड्याला आडवी सुरकुती पडली, किंवा आतून करकर आवाज आला, तर सांगाडा मोडला आहे. स्प्रिंगचा सांगाडा मात्र थोडा लवतोच. तो दोन्ही बाजूंना सारखाच लवला पाहिजे. बैठकीचं चामडं बदललं असेल तर कडेला बारीक खिळ्यांच्या भोकांच्या दोन रांगा दिसतात. अशा खोगिरावर बाहेरून तारीख सांगायची नाही, हे आता आमच्याकडे पाळलं जातं.

मागच्या वर्षी एक तरुण अतिशय देखणं खोगीर घेऊन आला. बैठक नवी, पट्टे नवे, रिकिबी घासून लखलखीत केलेल्या. त्याला त्यावर बसायचं होतं. ओढून पाहिलं तर सुरकुती फक्त डाव्या बाजूला पडली. मी त्याचा हात धरून ती त्याला दोनदा दाखवली. भाऊ म्हणाला, "हे ठेवणीत शोभेल, पण घोड्यावर चढवू नका. दुरुस्ती कुणाकडूनही करून घ्या, सांगाडा बदलल्याशिवाय नाही." त्याने खोगीर आमच्याकडेच ठेवलं. ते आता कामाच्या खोलीत आडव्या लाकडावर आहे. कामाला येणाऱ्या नव्या मुलामुलींना आम्ही पहिल्या दिवशी तेच मांड्यांत धरायला देतो.