आमची वाटचाल : टपरीपासून चहाच्या फेरीपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या वडिलांची चहाची टपरी आहे. लेथ, ड्रिलिंग आणि पॅटर्नची कामे करणारी छोटी वर्कशॉप आसपास दाटीने असल्यामुळे तारेच्या जाळीत ग्लास आणि हातात किटली घेऊन चहा पोहोचवण्याची पद्धत आमच्याकडे पूर्वीपासूनच होती. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर मी फेसबुकवर टपरीच्या नावाने पेज सुरू केले, त्यावर दर आणि फोन नंबर टाकला आणि घरपोच चहाची सेवा जाहीर केली. अन्नसुरक्षेची नोंदणी टपरीसाठी वडिलांनी आधीच करून ठेवली होती, त्यामुळे ते काम नव्याने करावे लागले नाही.

मागणी लगेच आली, परंतु हिशेब मांडल्यावर या धंद्याचे खरे स्वरूप कळले. एक लिटर म्हशीचे दूध आणि अर्धा लिटर पाणी उकळून, आटून आणि गाळून साधारण सव्वा लिटर चहा उरतो. पाऊणशे मिलिलिटरच्या आसपासच्या मापाने त्यातून सोळा-सतरा कटिंग निघतात. दहा रुपयांप्रमाणे त्याचे एकशे साठ-सत्तर रुपये येतात आणि दूध, साखर, चहा पावडर, आले व गॅस मिळून शंभराच्या आसपास खर्च होतो. म्हणजे एका कटिंगमागे जेमतेम चार रुपये राहतात. चार कटिंगच्या ऑर्डरसाठी कामावरच्या मुलाला मोटारसायकलवरून पाठवले, तर उरलेले सोळा रुपये त्याच्या वेळेत आणि पेट्रोलमध्येच संपतात. दर वाढवावा, तर पायी दोन मिनिटांवर दुसरी टपरी आहेच.

म्हणून आम्ही ऑर्डरप्रमाणे जाणे बंद केले आणि फेरी ठरवली. सकाळी साडेदहा आणि दुपारी साडेतीन या दोन वेळा, एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूने परतायचे. प्रत्येक वर्कशॉपने आदल्या संध्याकाळपर्यंत फक्त आकडा कळवायचा. एका गल्लीतील पाच ठिकाणांहून मिळून पंचवीस-तीस कटिंग निघाले की तीच मजुरी अंगावर पडत नाही. अवेळी पाहुणे आले म्हणून कोणी फोन केला, तर तो चहा त्यांनी टपरीवर येऊन न्यावा, असे आम्ही स्पष्ट सांगतो. काही जण नाराज झाले, परंतु फेरीची वेळ चुकत नाही हे पाहून बहुतेक जण परत जोडले गेले.

दुसरा प्रश्न चवीचा होता. टपरीवर चहा उतरला की लगेच ओतला जातो, तर थर्मासमध्ये तो अर्धा-पाऊण तास राहतो. पावडरीचा बारीक चुरा आत गेला तर तो तेवढ्या वेळात अर्क सोडतच राहतो आणि चहा कडवट, तुरट होतो. त्यामुळे फेरीचा चहा आम्ही जाळीच्या गाळणीनंतर पुन्हा कापडातून गाळतो आणि पावडरही थोडी कमी घालतो. थर्मास आधी उकळत्या पाण्याने तापवून घेतला नाही, तर पहिल्या दहा मिनिटांतच चहाची धग जाते. आल्याबाबत वडिलांचा नियम जुनाच आहे. "आलं आधी आधणात घाल, दुधात नको," असे ते सांगत. कच्च्या आल्यातील विकराने दूध नासते आणि पाण्यात चांगले उकळले की त्याचा जोर जातो, हे कारण मला नंतर कळले. गुळाच्या चहाची मागणी आमच्या भागात बरीच आहे, पण दुधात गूळ उकळला तर दूध फुटण्याचा धोका असतो आणि थर्मासमध्ये तो धोका वाढतो, म्हणून तो चहा फेरीत आम्ही ठेवलेलाच नाही. टपरीवर चहा उतरवल्यावर गूळ मिसळून तो देतो.

ग्लास परत आणणे हे या कामातील सर्वांत कंटाळवाणे अंग आहे. कागदी पेले सोपे वाटतात, परंतु प्लास्टिकचा थर असलेले पेले राज्याच्या 2022 च्या नियमांत बंदीखाली आले आणि त्यांचा खर्चही कटिंगच्या नफ्यात बसत नव्हता. काचेचे ग्लास गोळा करायला वेगळी चक्कर मारली, तर फेरीचा सगळा फायदा तिथेच जातो. त्यामुळे प्रत्येक वर्कशॉपमध्ये आम्ही स्टीलचे ग्लास ठेवून दिले असून ते त्यांनीच विसळायचे, असे ठरले आहे. आमचा मुलगा केवळ थर्मासमधून ओततो आणि वहीवर आकडा लिहून पुढे जातो. उधारी शनिवारी चुकती होते. एखादा शनिवार चुकला, तर सोमवारी वडील स्वतः जातात, कारण त्यांच्यासमोर कोणी टाळाटाळ करत नाही.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतूनही विचारणा होते. तिथपर्यंत जाऊन गल्ल्या फिरेपर्यंत थर्मासमधील चहा तासाभराचा होईल, म्हणून ती मागणी आम्ही स्वीकारलेली नाही. तिथे चहा पाठवण्याऐवजी तिथल्याच एखाद्या टपरीवाल्याबरोबर भागीदारीत चूल मांडावी का, यावर सध्या वडिलांशी माझी चर्चा चालू आहे.